तर्री, चहा आणि चार मिनिटं : कॅन्टीन बदलाच्या नोंदी

१ जुलै २०२५, मंगळवार

जूनचं तेलाचं रजिस्टर आज बंद केलं. महिन्याच्या सुरुवातीला ३ डबे शिल्लक होते, १५ आले, अखेरीस २ उरले. म्हणजे १५ किलोचे १६ डबे, २४० किलो तेल गेलं. जूनमध्ये कामाचे दिवस २१ आणि रोजची कुपनं सरासरी ३६०. भागाकार केला तर माणशी रोज ३२ ग्रॅमच्या आसपास येतं.

आकडा दोनदा तपासला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २,००० कॅलरीच्या ताटासाठी दिवसभराचं तेल-तूप २७ ग्रॅम धरलंय. आमच्याकडे माणूस नाश्ता, जेवण आणि चारचा फराळ करतो. रात्रीचं घरचं जेवण अजून बाकीच असतं.

कंपनीच्या एचआरच्या मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे सगळं पोटात जातं का? तळणाचं तेल तुम्ही फेकताच ना?" बरोबर होतं. तो हिशेब मी धरलाच नव्हता.

३ जुलै, गुरुवार

वापरलेलं तेल नेणाऱ्या एजन्सीच्या जूनच्या पावत्या शोधल्या. एकूण ४५ किलो गेलंय. ते वजा केलं तर १९५ किलो उरतं. भांड्याला, गाळणीला, कागदाला लागलेलं सोडून देऊ. माणशी २६ ग्रॅम. ३२ पेक्षा बरं, तरी दिवसभराच्या मापाला टेकलेलंच.

एक गोष्ट लक्षात ठेवायची. ही सरासरी आहे. कुणी फक्त जेवतो, कुणी तिन्ही वेळा येतो. तिन्ही वेळा येणाऱ्याच्या पोटात २६ पेक्षा जास्तच जात असणार. लोकांसमोर बोलताना "तुम्ही प्रत्येक जण २६ ग्रॅम खाता" असं म्हणायचं नाही. ते खोटं होईल.

८ जुलै, मंगळवार

मंगळवार आणि शुक्रवार म्हणजे तर्री पोहे. ३०० प्लेट जातात, बाकी कुठल्याच नाश्त्याला एवढी रांग लागत नाही. म्हणून तेल शोधायचं तर आधी इथेच.

चण्याच्या रश्शाचं पातेलं काउंटरवर आल्यावर मापाचा काचेचा ग्लास घेऊन उभा राहिलो. वाढणाऱ्या मावशींची पळी ८० मिलीची आहे. साडेआठला पहिली पळी ग्लासात ओतून घेतली आणि पंधरा मिनिटं न हलवता ठेवली. तेल वर आलं : २२ मिली. वजनात साधारण २० ग्रॅम. मग ९.४० ला, पातेलं तळाला आल्यावर, दुसरी पळी घेतली. त्यात तेल ६ मिली.

पळी तीच, पातेलंही तेच. लवकर येणारा दिवसभराच्या तेलाचा मोठा वाटा एका पळीत घेऊन जातो आणि उशिरा येणारा "आज तर्रीच नाही, पाणी आहे" म्हणून तक्रार करतो. इतकी वर्षं ही तक्रार मी स्वयंपाकघराच्या नावावर लिहीत होतो. खरी गोष्ट अशी की तेल वर तरंगतं आणि पळी वरूनच बुडते.

महाराजांना विचारलं, ३०० प्लेटच्या रश्शाला तेल किती? म्हणाले, "चार किलो. कमी टाकलं तं लाल नाई येत."

१६ जुलै, बुधवार

परवापासून ऑफिसात एकच विषय : समोसा आणि जिलेबी. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी कार्यालयांत तेल आणि साखरेचे फलक लावायला सांगितले, त्यात आपल्या नागपूरच्या एम्सचं नाव आलं आणि बातमी "समोशावर आता सिगारेटसारखा इशारा" अशी फिरली. मग मंत्रालयाने खुलासा केला की कुठल्याही पदार्थावर इशाऱ्याचं लेबल नाही, फलक फक्त जाणीव करून देण्यासाठी आहेत. खुलासा किती जणांनी वाचला कोण जाणे. आज दुपारी तीन जणांनी विचारलं, "भाऊ, आलूबोंडा बंद होऊन राहिला का?"

आम्ही खासगी कंपनी, ते पत्र आम्हाला लागू नाही. पण मॅडमना हीच वेळ योग्य वाटते. त्यांचं म्हणणं, ३१ तारखेला दुपारच्या चहाला सगळे एकत्र येतात, तेव्हा तुम्हीच बोला. "आमच्याकडून मेल आला की लोक चिडतात. तुमचं ऐकतील."

मला वेळ मिळणार चार मिनिटं. चहा थंड होईपर्यंत.

१८ जुलै, शुक्रवार

भाषणाचा पहिला कच्चा लिहिला आणि संध्याकाळी स्वतःच फाडला. एका पानात 'हेल्दी' सात वेळा आलं होतं, 'पौष्टिक' चार वेळा. मागच्या वर्षी आम्ही कोपऱ्यात 'हेल्दी काउंटर' लावला होता. मोड आलेले मूग, ओट्सचा उपमा, उकडलेलं अंडं. पहिल्या आठवड्यात ४० प्लेट, तिसऱ्यात ९. मोड आलेलं धान्य दुपारपर्यंत चिकट होतं, त्याला वास येतो, ते ठेवता येत नाही. रोज दोन-तीन किलो टाकून द्यायचो. त्या काउंटरवर उभं राहणाऱ्याला बाकीचे "काय, डॉक्टरनं सांगितलं का?" म्हणत, आणि मधुमेह असलेले लोक तर तिथे फिरकायचेच नाहीत. ऑफिसभर कळतं ना.

तेव्हाच ठरलं की वेगळा काउंटर नको. जे सगळे खातात त्यातच बदल करायचा. भाषणातही कुणाला काय खा, काय खाऊ नका सांगायचं नाही. आम्ही स्वयंपाकघरात काय बदलतोय एवढंच सांगायचं.

दुसरी अडचण पैशाची. मी ठेकेदाराचा माणूस. "तेल कमी करतोय" म्हटलं की पहिला प्रश्न येणार, वाचलेले पैसे कुणाच्या खिशात? प्रश्न रास्त आहे. मालकांशी आज बोलणं झालं. आमच्या बिलात डबा सध्या २,३०० ला पडतो. जेवढे डबे कमी लागतील तेवढ्या रकमेची काकडी, टोमॅटो, दही घ्यायचं आणि जेवणात रोज कोशिंबीर द्यायची, दर तोच ठेवून. बिलं फळ्यावर लावायची. मालक लगेच हो म्हणाले नाहीत, पण म्हणाले.

२२ जुलै, मंगळवार

वीस प्लेटचा छोटा रस्सा वेगळा करून पाहिला. तेल १२० ग्रॅम, म्हणजे प्लेटला ६. (जुन्या मापाने प्लेटला १३ पडतं.) साफ फसला.

महाराजांनी नेहमीसारखंच केलं. तेलात कांदा-खोबऱ्याचं वाटण, वर लगेच तिखट आणि मसाला, मग परतणं. तेल कमी असल्याने वाटण तळाला धरलं, तिखट करपलं. रस्सा तपकिरी आणि कडवट. महाराजांनी चमचा ठेवला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. काही बोलले असते तर बरं झालं असतं.

रात्री विचार केला. तिखटाचा लाल रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो. म्हणून तर्री लाल दिसते आणि खालचा रस्सा फिका. म्हणजे रंगासाठी तेल हवंच, पण ते वाटण परतायलाही लागावं असं नाही. ही दोन कामं आपण एकाच तेलाकडून करून घेतो, म्हणून चार किलो लागतं.

२५ जुलै, शुक्रवार

श्रावण लागला.

दुसरा प्रयत्न. तेलाचे दोन भाग केले. थोडं तेल, साधारण पाव हिस्सा, वाटण परतायला. कांदा आणि सुकं खोबरं आधी कोरडंच भाजून घेतलं होतं, त्यामुळे कच्चेपणा काढायला तेल लागलं नाही. वाटण तळाला धरायला लागलं की चणे शिजवलेलं गरम पाणी एक-एक वाटी शिंपडायचं. धरलेलं सुटतं, पुन्हा परतायचं. असं पाच-सहा वेळा. वेळ दहा मिनिटं जास्त लागला. थोडे शिजलेले चणे वाटून घातले, रश्शाला अंग आलं.

उरलेलं तेल लहान पातेल्यात तापवून गॅस बंद केला. मिनिटभर थांबून मग तिखट घातलं. करपलं नाही, रंग भडक आला. ही तर्री रश्शात मिसळायचीच नाही. पोह्यांवर हलवून घेतलेला रस्सा, त्यावर ५ मिलीचा एक चमचा तर्री, वर कांदा, सांबार, लिंबाची फोड. तेल सगळं वरती, डोळ्यांना दिसेल असं. आणि पहिल्या प्लेटला जेवढं तेवढंच शेवटच्या प्लेटला.

(पुण्याहून बदलून आलेल्यांसाठी : सांबार म्हणजे कोथिंबीर. दर महिन्याला कुणीतरी पोह्यांवर सांबार का घालता म्हणून विचारतंच.)

महाराजांनी दोन प्लेट खाल्ल्या. म्हणाले, "चालते. पन लोकाईले सांगू नका."

२८ जुलै, सोमवार

भाषण स्वयंपाकघरात वाचून दाखवलं. सगळा वाद यावरच झाला : सांगायचं की नाही.

महाराजांचं म्हणणं अगदी साधं. "भाऊ, सांगितलं का पहिल्याच दिवशी चव बिघडली म्हनतीन. नाई सांगितलं तं महिनाभर कोनाले पत्ताच नाई." अनुभवाचं बोलणं आहे. साखरेच्या बाबतीत तर मला ते शंभर टक्के पटतं. आमच्या १० लिटर चहात ८०० ग्रॅम साखर पडते, त्याचे ११० कप होतात. कपाला सात ग्रॅमहून थोडी जास्त. तीन कप घेणाऱ्याच्या पोटात २२ ग्रॅम साखर नुसत्या चहातून जाते. पोषण संस्थेच्या त्याच मार्गदर्शिकेत दिवसाची साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलंय. १०० ग्रॅम कमी केली तर जिभेला कळत नाही, एकदम ३०० केली तर पहिल्या घोटाला कळतं. हे आम्ही गेल्या आठवड्यात आपसांत करून पाहिलं.

पण लपवून करणं मला जमणार नाही. मागाहून कळलं तर "तेल खाल्लं" हाच अर्थ निघेल. मावशींनी तोड काढली : काय कमी करणार ते सांगा, कोणत्या दिवशी ते सांगू नका. तेच ठरलं.

आज पहिला श्रावण सोमवार. उपासवाल्यांसाठी साबुदाण्याचे वडे केले आणि तळणाला आलूबोंड्याच्या दिवसापेक्षा जास्त तेल गेलं. हेही रजिस्टरात लिहिलं. पुढच्या सोमवारी खिचडी आणि भगर.

३१ जुलै, गुरुवार

झालं भाषण. चार मिनिटं म्हणालो होतो, साडेचार लागली. मॅडमनी फोनवर रेकॉर्ड केलं होतं, त्यावरून जसंच्या तसं उतरवून ठेवतो :

"नमस्कार. चहा घेता घेता ऐका, थांबू नका. आधी एक सांगतो : आलूबोंडा बंद होत नाही, समोसा बंद होत नाही, तर्री पोहेही बंद होत नाहीत. (टाळ्या.) आता माझं ऐकाल.

जूनमध्ये या कॅन्टीनमध्ये सोळा डबे तेल लागलं. तळून फेकलेलं वजा केलं तर रोज, माणशी, सरासरी २६ ग्रॅम तुमच्या ताटात गेलं. दिवसभराचं माप २७ चं धरतात. म्हणजे घरी रात्री काहीच तेल खाल्लं नाही तरच हिशेब बसतो. आणि रात्री कोण उकडलेलं खातं, सांगा. हे तेल तुम्ही मागितलेलं नाही, आम्ही घातलं. त्यामुळे कमी करायचं कामही आमचंच आहे. तुम्हाला काही सोडायचं नाही.

मंगळवारपासून तर्री वेगळी येईल. आजवर जो आधी यायचा त्याला तर्री मिळायची आणि जो शेवटी यायचा त्याला रस्सा. अकाउंट्सवाले नेहमी शेवटी येतात, त्यांना विचारा. (हशा.) आता प्रत्येकाच्या पोह्यांवर एक चमचा, सगळ्यांना सारखा. कुणाला आणखी एक हवा असेल तर मागा, मावशी देतील, तोंड वाकडं करणार नाहीत. पण मागावा लागेल.

आलूबोंडे एका घाण्यात चाळीस टाकायचो, आता पंचवीस. गर्दी केली की तेल थंड होतं आणि थंड तेलात बोंडा तेल पितो. त्यामुळे चार वाजता रांगेत पाच मिनिटं जास्त लागतील. ती द्या.

चहातली साखर आम्ही थोडी थोडी कमी करणार आहोत. कोणत्या दिवशी ते सांगणार नाही. ओळखून दाखवा. ज्याला कमी वाटेल त्याच्यासाठी साखरेची बरणी काउंटरवर आहे. बिनसाखरेच्या चहाचा थर्मास वेगळा असेल आणि त्यावर कसलीही पाटी नसेल, फक्त निळं झाकण.

शेवटचं, पैशाचं. तुमच्या मनात आहे ते मी बोलतो : तेलाचे वाचलेले पैसे कुठे जाणार? रोजच्या जेवणात कोशिंबीर येईल, दर तोच. तेलाची आणि भाजीची बिलं दर महिन्याच्या एक तारखेला या फळ्यावर लागतील. वाचा आणि मला विचारा. चव बिघडली तर महाराजांना बोलू नका, मला बोला. माझं टेबल हात धुवायच्या जागेशेजारी आहे."

नंतर दोन प्रश्न आले. पहिला : "मीठ का नाही कमी करत?" करायचं आहे, पण एका वेळी तीन चवी बदलल्या तर बिघडलं कशाने हे मलाच कळणार नाही. मीठ दिवाळीनंतर. दुसरा प्रश्न ज्येष्ठ साहेबांचा : "दुसरा चमचा फुकट का?" फुकट. त्याचे पैसे लावले असते तर सगळं भाषण वाया गेलं असतं.

५ ऑगस्ट, मंगळवार

पहिला दिवस. ३०० प्लेटला तेल १.८ किलो. दुसरा चमचा मागणारे किती हे मोजायला मावशींना वाटीत एकेक चणा टाकायला सांगितलं होतं. ६४ चणे निघाले.

गडबड एकच झाली. ती माझीच. तर्रीचं लहान पातेलं काउंटरवर गार पडलं, तिखट तळाशी बसलं आणि साडेनऊनंतर चमच्यात नुसतं पिवळं तेल येऊ लागलं. आता ते पातेलं गरम पाण्याच्या परातीत ठेवायचं आणि दर चमच्याला तळापासून ढवळायचं. शुक्रवारी पाहू.

उशिरा येणाऱ्यांपैकी एकाने प्लेट उचलून दाखवली, "भाऊ, नऊ पन्नासला लाल पोहे!"

१४ ऑगस्ट, गुरुवार

साखर ८०० वरून ७०० केली. कधी ते इथेही लिहीत नाही, रजिस्टर कुणीही चाळतं. काल एका जणाने ठामपणे सांगितलं, "आजपासून कमी केली ना?" काल काहीच बदललं नव्हतं.

निळ्या झाकणाच्या थर्मासातून रोज २५-३० कप जातात. मागच्या वर्षीच्या काउंटरवर हे लोक कधी दिसले नव्हते.

आलूबोंड्यांचं मात्र रखडलंय. पंचवीसचा घाणा ठरला, पण चारला गर्दी झाली की पोरं पुन्हा चाळीस टाकतात. थर्मामीटर लावून पाहिला : १७५ अंशाला असलेलं तेल चाळीस बोंडे पडताच १४० च्या खाली गेलं आणि वर यायला चार मिनिटं लागली. पंचवीसला १६० च्या खाली गेलं नाही. पोरांना आकडे सांगून उपयोग नाही, दोन्ही घाण्यांतले बोंडे कागदावर ठेवून दाखवले. चाळीसवाल्याखालचा कागद आरपार दिसत होता. त्यांनाच तो बोंडा खायला लावला. शिवाय झाऱ्यावर निथळत ठेवायचं ते कढईवरच, गरम असताना. ताटात काढून गार होऊ दिलं की बाहेरचं तेल आत ओढलं जातं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

दुसरा चमचा : ३१ चणे. तर्री शेवटपर्यंत लाल.

कोशिंबिरीबद्दल तक्रार, आणि खरी. अकराला मीठ घालून ठेवली की एकपर्यंत पाणी सुटतं. आता काकडी चिरून नुसती ठेवायची, दही-मीठ-दाण्याचा कूट काउंटरवर, पातेलं-पातेलं मिसळायचं.

१ सप्टेंबर, सोमवार

ऑगस्टचा हिशेब फळ्यावर लावला. कामाचे दिवस १९, कुपनं सरासरी ३५०. तेल ११ डबे, १६५ किलो. एजन्सीने नेलं ३० किलो. उरलं १३५, म्हणजे माणशी २० ग्रॅमच्या थोडं वर. जूनमध्ये २६ होतं.

शेजारी हेही लिहिलं की ऑगस्टच्या २३ तारखेपर्यंत श्रावण होता. उपासाचे लोक वेगळं खातात, अंडाकरीचे दिवस कमी झाले, पोळ्याच्या दिवशी निम्मं ऑफिस सुट्टीवर. त्यामुळे हे सहा ग्रॅम सगळे आमच्या कामाचे म्हणता येणार नाहीत. खरा आकडा सप्टेंबर-ऑक्टोबरचा. मॅडमना ही ओळ नको होती, "चांगलं दिसतंय तर राहू द्या ना." मी राहू दिली नाही.

तेलाच्या व्यापाऱ्याचा सकाळी फोन आला. "भाऊ, पाच डबे कमी नेले. दुसरीकडून घेऊन राहिले का?" त्याला सांगितलं, या एकदा नाश्त्याला. मंगळवारी या.

साखरेची पुढची पायरी : ६०० ग्रॅम. तारीख ठरली आहे.